जाहिरात टॅलीवाल्याची, अन् भाऊनं चिठ्ठी लिहिली भलतीच

आमच्या गावात कट्टा म्हणजे पानठेल्यासमोरचा निंबाचा पार, दारव्ह्याहून येणारी शेवटची काळीपिवळी गेली की तिथं आम्ही चार-पाच टाळकी. परवा गजू कागद घेऊन आला. तालुक्याजवळच्या एका छोट्या दालमिलमधे टॅली ऑपरेटरची जागा होती, पगार १४ हजार, त्याचा इंटरव्ह्यू देऊन आला होता आणि आता म्हणे मालकाला चिठ्ठी लिहायची, की मला ती जागा नको, दुसरी द्या.

"दुसरी कोनती बे? जाहिरात तं एकच होती ना," पप्या म्हणाला.

"तेच तं! ते जागा हायेच नाही अजून. मीच सांगतो त्याईले की ते पाह्यजे."

पप्यानं खर्रा घोटायचं थांबवलं. गजूनं मग सगळं सांगितलं. इंटरव्ह्यू अर्ध्या तासाचा, त्यात मालकाचा फोन पाच वेळा वाजला आणि पाचही वेळा विषय पैशाचाच, कुठला तरी दुकानदार म्हणतो मागच्या बिलात डाळीचे दोन कट्टे कमी आले म्हणून पैसे थांबवले, कोणी म्हणतो पुढच्या आठवड्यात. दर फोनला मालक शर्टाच्या खिशातून रबर लावलेली डायरी काढायचे, पानं उलटायचे, सापडलं नाही की "पाहून सांगतो" म्हणायचे. गजूनं धीर करून विचारलं, कोणाकडे किती दिवसांचे बाकी आहेत याची यादी निघते का टॅलीत? मालक म्हणाले निघत नाही. आणि मग स्वतःच बोलून गेले की महिन्याला ८ लाखाची डाळ उधारीवर जाते, ४० दुकानं आहेत, पैसे यायला अडीच महिने लागतात आणि जानेवारीत नवी तूर येते तेव्हा नेमका हात रिकामा असतो.

"यादी काहून निघत नाही मालूम हाय का?" गजू आता रंगात आला होता. त्याच्या मते पार्टीच्या लेजरमधे `Maintain balances bill-by-bill` चालूच केलेलं नसेल, किंवा असलं तरी आलेला प्रत्येक पैसा एन्ट्रीवाला `On Account` टाकून मोकळा होतो, म्हणजे तो कोणत्या बिलाचा हे टॅलीला कळतच नाही. मग `Bills Receivable` उघडा नाहीतर नका उघडू, दिसणार काय? लेजरमधे एकूण बाकी तेवढी दिसेल, पण कोणत्या बिलाचे पैसे खरंच बाकी आहेत आणि किती दिवसांचे, ते कळणार नाही.

गजूचं म्हणणं, नुसती एन्ट्री करणारा माणूस ठेवला तर हे असंच राहील. मालकाला वसुली पाहणारा माणूस पाहिजे, जो बिल, माल आणि पैसा यांचा मेळ घालेल आणि दुकानात जाऊन बसेल.

पप्याला हे बिलकुल पटलं नाही. "तू त्याच्याच घरात जाऊन त्याचंच छप्पर गळते म्हनतं? मालक लोकाईले अशी अक्कल आवडत नाही लेका. अन् तुही आयडिया घेऊन त्यानं भाच्याले बसवलं तं?" भाचा खरंच आहे, तोच सध्या उधारी मागत फिरतो. मला इथं पप्याचं अर्धं पटलं. चिठ्ठीत भाच्याचं नाव, त्याची चूक, "सध्याची पद्धत चुकीची आहे" असलं काहीच नको. जे मालकानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं तेवढंच लिहायचं, आपण डोळ्यानं टिपलेलं नको. डायरीचाही उल्लेख नको.

मग मास्तर बोलले. मास्तर म्हणजे आमच्यातले रिटायर्ड, सोसायटीचे हिशोब वीस वर्षं पाहिलेले. त्यांनी गजूचा कागद हातात घेतला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. गजूनं लिहिलं होतं, पगार २० हजार द्या, तो व्याजाच्या बचतीतूनच निघेल.

"कसा निघन? मांडून दाखव."

मांडलं. महिन्याला ८ लाख आणि ७५ दिवस, म्हणजे बाहेर अडकलेले २० लाख. दिवस ४५ वर आले तर अडकतील १२ लाख, म्हणजे ८ लाख मोकळे. बँकेच्या सीसीचं, म्हणजे धंद्यात फिरवायला घेतलेल्या कर्जाचं, व्याज ११ टक्के धरलं तर वर्षाचे ८८ हजार, महिन्याचे ७,३०० च्या आसपास.

"सात हजारात वीस हजाराचा मानूस बसते का?" मास्तर म्हणाले, आणि गजू गप.

माझ्या मते सगळ्या चर्चेतली हीच खरी गोष्ट होती. मास्तर म्हणाले, पूर्ण पगार नवीन कामाच्या डोक्यावर टाकू नको. टॅलीवाला त्याला ठेवायचाच आहे, १४ हजार त्यानं मनात धरलेच आहेत. तू म्हण, एन्ट्री मीच करतो, सकाळी, आणि दुपारून वसुली. मग वाढीव मागायचं ते फक्त ४ हजार, ते ७,३०० मधे बसतात. आणि तेही आत्ता नको, दिवस कमी झाल्यावर.

"पन मास्तर, तीन हजाराच्या फायद्यासाठी मालक कायले झंझट घेईन?" पप्या काही सोडत नव्हता.

"व्याजासाठी नाहीच घेत. त्यानं सोताच सांगतलं ना, जानेवारीत हात रिकामा. ८ लाख हाती असले अन् तुरीचा भाव ८ हजार धरला तं १०० क्विंटल तूर नगदीनं येते. मालकाले ते दिसते, टक्के नाही दिसत."

गजूला अजून एक हौस होती, कायदा लिहायची. एमएसएमईच्या २००६ च्या कायद्यात छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, हे त्यानं कुठंतरी वाचलं होतं. मास्तरांनी ते खोडलं. मिलची उद्यम नोंदणी आहे की नाही हे तुला माहीत नाही, आणि किराणा दुकानदाराला कायदा दाखवला तर तो उद्यापासून दुसऱ्या मिलची डाळ ठेवतो.

शेवटी माझ्या फोनवर जे टाइप झालं ते हे:

"नमस्कार भाऊ, काल वेळ दिला त्याबद्दल आभार. तुम्ही म्हणालात की उधारी यायला अडीच महिने लागतात आणि जानेवारीत तूर घ्यायला पैसा कमी पडतो. त्यावरून एक सुचलं. टॅलीची एन्ट्री मी सकाळी करीन, प्रत्येक जमा त्या-त्या बिलासमोर टाकीन, आणि दर सोमवारी ६० दिवसांवरच्या बिलांची यादी तुमच्या हातात देईन. दुपारून त्या दुकानांचा पाठपुरावा, कमी आलेल्या मालाच्या तक्रारी धरून. कोणाला किती सूट द्यायची, माल थांबवायचा का, हे तुम्हीच ठरवाल. पगार जाहिरातीतलाच, १४ हजार. वसुली ६० दिवसांवर आली तर १६, ४५ वर आली तर १८. हे नको असेल तर फक्त टॅलीच्या कामालाही मी तयार आहे."

ते सूट आणि माल थांबवायचं वाक्य मी घातलं. चाळीस दुकानदारांशी मालकाचे लग्नाकार्याचे संबंध आहेत, नवा पोरगा उद्या कोणाचा माल बंद करेल ही भीती त्याला पहिली वाटणार. शेवटच्या वाक्यावर पप्या आणि गजूचं जोरात वाजलं. गजू म्हणे त्यानं आपला भाव पडतो. पप्या म्हणे भाव पडू दे, १४ हजार तरी कायले घालवतं, तिथं दुसरा उमेदवार बसवला की यादीही गेली आणि टॅलीही. वाक्य राहिलं.

माणूस ठेवून झाल्यावर चिठ्ठीचा उपयोग नाही म्हणून रात्री पावणेनऊला व्हॉट्सॲपवरच पाठवली. पीडीएफ नाही, साधा मेसेज, कारण मालक दोन फोनच्या मधे वाचणार. निळे टिक लगेच आले. मग काहीच नाही. पप्यानं तीनदा "सांगतलं होतं" म्हणून घेतलं.

साडेनऊला उत्तर आलं. "४० दुकानं फिरायला पेट्रोल कोणाचं धरलं?"

गजूनं आमच्याकडं पाहिलं, आम्ही मास्तरांकडं. पेट्रोल कोणीच धरलं नव्हतं. मास्तरांनी पाठकोऱ्या कागदावर परत मांडायला घेतलं, हप्त्याला दोन चकरा, चकरेला सव्वाशे किलोमीटर, महिन्याचे दोनेक हजार, म्हणजे त्या उरलेल्या ३,३०० मधले १,३०० राहतात.

"लिव," मास्तर म्हणाले, "पेट्रोल तुमचं, चकरेची नोंदवही माही."