सात लिटर रंग आणि एक पोपडा

आमच्या बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर खिडकीखाली ओलीचा एक डाग आहे. त्यावर आम्ही कॅलेंडर लावलं होतं. श्रावणापर्यंत कॅलेंडरलाही पोपडे धरले.

दोन दिवाळ्यांपूर्वी मी तो डाग स्वतः बुजवला होता. डब्यातली तयार अ‍ॅक्रिलिक पुट्टी, लोण्यासारखी. हात फिरवताना स्वतःचाच अभिमान वाटला. जुलैत तिथे पुरी फुगली. बोटाने टकटक केलं तर पोकळ आवाज, दाबलं तर आतून मिठासारखी पांढरी भुकटी पायावर.

यंदा रंगारी मामांना बोलावलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलंही नाही. "दहा लिटर लागेल साहेब."

मी टेप काढला. दहा बाय बाराची खोली, उंची दहा. चारही भिंती मिळून 440 चौरस फूट. दार आणि खिडकी वजा केल्यावर 403. एका लिटरमध्ये दोन हात मिळून साठेक फूट धरले, तर सात लिटर पुरे.

"कोरी पुट्टी रंग पिते," मामा म्हणाले.

हे मात्र खरं निघालं. म्हणूनच पुट्टीवर प्रायमर मारायचा. प्यायचंच असेल तर भिंतीने स्वस्तातलं प्यावं. प्रायमरचा चार लिटरचा डबा एका हाताला पुरतो.

पुट्टीवरून पुन्हा जुंपली. ओलीपाशी व्हाइट सिमेंटची पुट्टी घ्या, असं मामांचं म्हणणं. ती पाण्यात कालवतात आणि सिमेंटसारखीच घट्ट होते. माझी लाडकी अ‍ॅक्रिलिक मात्र ओल लागली की मऊ पडते. पण आधी सुटा गिलावा खरवडायचा आणि खार कोरड्या ब्रशने झाडायचा. धुतला तर तो विरघळून पुन्हा आत मुरतो आणि भिंत वाळली की वर येतो.

"आणि भिंत वाळलीय का, ते कसं कळणार?"

मामांनी दुधाच्या पिशवीचा तुकडा मागितला. तो धुऊन, पुसून, खरवडलेल्या जागेवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवला. "दोन दिवस हात लावू नका. थेंब खोलीच्या बाजूला आले तर हवेतला दमटपणा. भिंतीच्या बाजूला आले तर ओल आतूनच येतेय."

त्याच संध्याकाळी मावशी आल्या. "अगं, भिंतीला सलाइन का लावलंय?" बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं.

तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली. थेंब भिंतीच्या बाजूला. मामा खाली उतरून बाहेरून बघून आले. खिडकीच्या छज्जाला बोटभर लांब चीर होती. आधी बाहेरून ती बुजवायची, मग भिंत काही आठवडे उघडी वाळू द्यायची, पुन्हा पिशवी लावून बघायची, त्यानंतरच पुट्टी. तोवर प्रायमर कितीही भारी आणला तरी पुरी फुगणारच.

सात लिटर रंग सध्या पलंगाखाली आहे. मावशींचा कालच फोन आला होता. पेशंट कसा आहे, विचारत होत्या.