एका टाकीवरून अ‍ॅव्हरेज ठरत नाही

"कंपनीचा आकडा खोटाच असतो. दोन 110 सीसी स्कूटरांत जास्त कोण देते, ते मालकांना विचारा. एकदा टाकी फुल करून मोजलं की खरं काय ते कळतं."

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण खरी गफलत तिथेच आहे. या स्कूटरांची टाकी जेमतेम पाच-साडेपाच लिटरची. पार खाली आणून भरली तरी चारेक लिटर बसतं. नोझल कुठे कट झालं, गाडी साइड स्टँडवर होती की डबल स्टँडवर, पंपावरच्या माणसाने रुपये सरळ करायला आणखी थोडं सोडलं का, एवढ्यावर पाव लिटर सहज इकडेतिकडे होतं. समजा 180 किलोमीटर झाले आणि 4 लिटर बसलं, तर अ‍ॅव्हरेज 45. पाव लिटर कमी बसलं तर 48, जास्त बसलं तर 42. गाडी तीच, रस्ता तोच, आणि फरक सहाचा! दोन मॉडेलांत याहून कमी फरकावरून वाद झडतात.

सलग दहा वेळा फुल करून नोंद ठेवली की हे जुळतं, कारण एका वेळी जास्त बसलेलं पुढच्या वेळी कमी बसतं. 40 लिटरमागे पाव लिटरची चूक 45 च्या अ‍ॅव्हरेजमध्ये अर्धा किलोमीटरही नाही. मात्र एकूण किलोमीटरला एकूण लिटरनेच भागायचं. हायवेला 200 किलोमीटरला 4 लिटर, म्हणजे 50. गावात 60 किलोमीटरला 2 लिटर, म्हणजे 30. बरेच जण यांची सरासरी 40 सांगतात. 260 भागिले 6 केलं तर 43 येतात.

मालकांना जरूर विचारा, पण आकडा कुठून आला तेही विचारा. मीटरवर दिसणारं अ‍ॅव्हरेज हा गाडीचा अंदाज असतो. नोंदवहीच मागा. 45 च्या रांगेत मध्येच 90 दिसले, तर एक भरणं लिहायचं राहिलंय. तारखाही बघा. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे ई10 वरून ई20 वर गेल्यावर तीन-चार टक्क्यांची घट अपेक्षितच आहे. एका स्कूटरची नोंद ई10 च्या काळातली आणि दुसरीची आजची असेल, तर ती तुलना मी धरत नाही. रोज सिग्नलला थांबणारी आणि मोकळ्या रस्त्याची गाडी यांचंही तेच. एकाच मॉडेलच्या मालकांतच 40 ते 50 असा पसारा असेल, तर दुसऱ्या मॉडेलचे दोन किलोमीटर जास्त हा पुरावा नव्हे.

आणि कंपनीचा आकडा? तो प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या वेगांच्या चक्रात निघतो. तुमच्या रस्त्यावर तेवढं मिळणार नाही, पण दोन्ही गाड्या एकाच चक्रावर तपासल्या असतील तर तुलनेला तो उपयोगी आहे. बीएस4 सोबत दुचाकींना डब्ल्यूएमटीसी हे चाचणीचं चक्र आलं, त्यामुळे त्याआधीच्या मॉडेलचा जुना आकडा मात्र शेजारी ठेवू नका.