फ्लेम्सचा निकाल नेमका कोण लावतो?

सातवीत असताना माझ्या शेजारच्या बाकावरील मैत्रीण एका दुपारी मधल्या सुट्टीत रडली होती, कारण वहीच्या मागच्या पानावर फ्लेम्स या खेळाने तिच्या आणि एका मुलाच्या नावावरून तिच्या वाट्याला ‘शत्रू’ हा शब्द दिला होता. ते रडणे खरे होते, म्हणूनच तो निकाल कसा लागतो हे नीट सांगावेसे वाटते.

दोन नावे इंग्रजीत लिहायची, दोन्हींत असलेली अक्षरे जोडीजोडीने खोडायची आणि उरलेली मोजायची. जो आकडा येईल तितके मोजत फ्लेम्स या शब्दाच्या एफ, एल, ए, एम, ई, एस या अक्षरांवर गोल फिरायचे. मोजणी जिथे संपेल ते अक्षर बाद करून पुढच्यापासून पुन्हा मोजायचे. शेवटी उरेल त्या अक्षरावरून अनुक्रमे मैत्री, प्रेम, जिव्हाळा, लग्न, शत्रुत्व किंवा भावंडे यांपैकी एक नाते ठरते.

सागर आणि पूजा ही नावे घेऊ. पूजाच्या स्पेलिंगमध्ये दोन ‘ओ’ असतील, तर ‘ए’ची एक जोडी खोडल्यावर 8 अक्षरे उरतात. 8 मोजत गेल्यास प्रथम एल, मग ई, एम, एफ आणि एस बाद होतात व ‘ए’ म्हणजे जिव्हाळा उरतो. तिच्या पालकांनी दोन ‘ओ’ऐवजी एक ‘यू’ लिहिला असता, तर 7 अक्षरे उरून हेच दोघे शत्रू ठरले असते. हीच नावे देवनागरीत लिहून अक्षरे मोजली, तर समान अक्षर एकही नाही, एकूण 5 भरतात आणि निकाल मैत्रीचा लागतो. माणसे तीच असताना केवळ लिहिण्याच्या पद्धतीने तीन नाती तयार होतात.

याचे कारण असे की, नावे एकदा खोडून झाली की त्यांचा संबंध संपतो आणि पुढचे सारे त्या एका आकड्यावर ठरते. मी 1 ते 18 पर्यंतचे सर्व आकडे हाताने करून पाहिले. त्यांत प्रेम फक्त 10 ला येते आणि भावंडे फक्त 1 ला. उलट शत्रुत्व 2, 4, 7 आणि 9 अशा चार आकड्यांना येते, आणि नुसती पहिली नावे घेतली की उरणारी संख्या बहुधा याच टप्प्यात असते. माझ्या मैत्रिणीच्या वाट्याला तो शब्द येण्यात म्हणूनच नवल नव्हते.

खोडणे नेहमी जोडीने होत असल्यामुळे आणखी एक गोष्ट आधीच ठरून जाते. दोन्ही नावांतील अक्षरांची बेरीज विषम असेल, तर उरणारी संख्याही विषमच राहते. मग बेरीज 13 असो वा 17, 10 हा आकडा येऊच शकत नाही आणि प्रेमाचा निकाल पेन्सिल उचलण्यापूर्वीच अशक्य झालेला असतो. शिवाय नावांचा क्रम बदलला तरी उत्तर तेच येते, त्यामुळे एकाला प्रेम आहे आणि दुसऱ्याला नाही, ही त्या वयातील सर्वांत नेहमीची अवस्था या खेळाला दाखवताच येत नाही. माझ्या मैत्रिणीच्या मनात त्या मुलाविषयी काय होते, हे त्या पानावर कुठेच लिहिलेले नव्हते.