गादीच्या ब्रशला बुडवून धुवू नये

कंगवे आणि ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवायचे आणि नंतर खळबळून काढायचे, ही घरोघरची पद्धत आपल्या किनारपट्टीवर तरी सोडून द्यावी, असे माझे ठाम मत आहे. खाडीकाठच्या पुष्कळ विहिरींचे पाणी जड किंवा मचूळ असते. अशा पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग झाला की न विरघळणारा पांढुरका साका तयार होतो आणि तो दात्यांच्या मुळाशी आधीच बसलेल्या खोबरेल तेलाच्या थरावर चिकटतो. म्हणूनच ओला असताना स्वच्छ दिसणारा कंगवा वाळल्यावर पुन्हा राखाडी दिसतो आणि नखाने खरवडल्यास मेणचट पापुद्रा निघतो. शाम्पूने असा साका धरत नाही, त्यामुळे साध्या प्लास्टिकच्या कंगव्याला शाम्पू घातलेल्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटे ठेवून जुन्या टूथब्रशने घासणे पुरते. पाणी कढत मात्र नसावे, कारण त्याने दाते वाकतात.

खरी काळजी रबरी गादीच्या ब्रशला लागते. माझ्या मावशीकडे असा एक ब्रश आहे. ती रोज तेल लावून केस विंचरते, त्यामुळे त्याच्या दात्यांच्या मुळाशी गुंतवळ, कोंडा आणि टॉवेलचे तंतू यांची करडी लव घट्ट बसलेली असते. ही लव भिजली की तिचा लगदा होतो आणि तो गादीला चिकटून बसतो, म्हणून पाणी लागण्यापूर्वी ती कोरडीच काढावी लागते. दात्यांच्या दोन ओळींमधून कात्रीचे टोक अलगद फिरवून गुंतवळ कापली की कंगव्याच्या शेपटीने ती पट्टीसारखी उचलता येते. उरलेली लव कोरड्या टूथब्रशने मुळापासून टोकाकडे झटकावी. गुंतवळ मोरीत टाकू नये, तिथे ती हमखास तुंबते.

त्यानंतर मगभर कोमट पाण्यात चमचाभर शाम्पू घालून टूथब्रश त्यात बुडवावा आणि ब्रशचे दाते खाली धरून घासावेत. गादीवर हवेसाठी एक बारीक छिद्र असते. ब्रश बुडवला की त्यातून पाणी आत शिरते आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत दिवसेंदिवस वाळत नाही. गादी दाबल्यावर छिद्रातून थेंब आले किंवा कुबट वास आला, तर पाणी आत राहिले आहे असे समजावे. शाम्पू काढण्यासाठीही नळाखाली न धरता ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसावे आणि दाते खाली करून टॉवेलवर, पंख्याखाली रात्रभर ठेवावे.

लाकडी फणी भिजवली तर फुगते आणि वाळताना दात्यांना चिरा जातात, त्यामुळे तिच्या दात्यांमधून जाड दोरा फिरवून मळ काढावा आणि ती ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडी करावी.

गादीच्या आत काळे ठिपके दिसू लागले असतील, तर मात्र वरून कितीही घासले तरी बुरशी आतच राहते. तो ब्रश टाकून द्यावा.