फाटका बारदाना, नग सतरा

सोमवारच्या बैठकीत गोडाऊनवाल्या काकांनी मला सगळ्यांदेखत गप्प केलं. ‘तू लिहाचं काम कर ना बापा, बोलतं कायले?’ इतिवृत्त लिहिणाऱ्याला तोंड नसतं, हे मला माहीत नव्हतं.

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची ही साप्ताहिक बैठक. विषय अध्यक्ष तोंडी पुकारतात: ‘गोडाऊन!’ काका वही उघडतात. ‘बारदाना नवा, तीनशे दहा. जुना, एकशे चाळीस. फाटका...’ इथे चष्मा पुसून होतो. ‘फाटका, नग सतरा. त्यातले दोन शिवता येते.’ कोणते दोन, यावर संचालकांत दोन तट पडतात. बाहेर सोयाबीनची गाडी ताटकळत उभी.

‘काका, हे काल ग्रुपवर टाकलं होतं ना?’

‘टाकलं ना. पन वाचलं कोनं? म्हून वाचून दाखोतो.’

मुद्दा बिनतोड होता, म्हणूनच जास्त झोंबला. आणि ‘गोडाऊन’ असा मोघम विषय पुकारला, तर माणूस गोडाऊनची कहाणीच सांगणार. जुनं इतिवृत्त बघा: पोळ्यापासून दिवाळीपर्यंत ‘ताडपत्रीबाबत सविस्तर चर्चा झाली’. ताडपत्री अजून आलेली नाही.

म्हणून या वेळी सगळ्यांचे अहवाल मी एका पानावर छापून नेले. पहिली सात मिनिटं मुकाट्यानं वाचन, शंका असेल तेवढीच विचारायची. मग विषय, तोही प्रश्न करून: ‘१२ टक्क्यांच्या वर ओलावा असलेलं सोयाबीन परत पाठवायचं की आपण वाळवून घ्यायचं? मांडणार खरेदीवाले भाऊ, १५ मिनिटं.’ हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्केच आहे, त्यामुळे हा प्रश्न टाळता येत नाही. ज्याला असा प्रश्न सापडत नाही, त्यानं कागद द्यावा, वेळ मागू नये.

वाचन मुकं झालं नाही. काका ओठ हलवत स्वतःचंच पान वाचत होते. पण निर्णय झाला: १४ टक्क्यांपर्यंतचा माल शेतकऱ्यानं कंपनीच्या आवारात वाळवायचा, वजन नंतर करायचं, त्यावरचा परत. ओलावामापक शुक्रवारपर्यंत तपासून आणणार खरेदीवाले भाऊ. इतिवृत्तात मी एवढंच लिहिलं: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत.

काकांनी ते पाहिलं. ‘माह्यं नाव कुठी आहे?’

‘तुमच्याकडे या वेळी निर्णय नव्हता, काका.’

‘मंग हप्ताभर पोते मोजले ते कोनं? गावात कोनी इचारलं, त कागदावर दिसलं पायजे ना जी!’

तेव्हा कुठे लक्षात आलं, की काका वाचत होते ते नोंद व्हावी म्हणून. आता प्रत्येकाचा अहवाल त्याच्या सहीनिशी इतिवृत्ताला जोडतो. सही करताना काकांनी अर्धं पान व्यापलं.

राहिले अध्यक्ष. त्यांच्या ‘दोन शब्दां’समोर मी ‘५ मिनिटं’ लिहून दिलं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पाचापुढे शांतपणे एक शून्य काढलं.