पाकिटावर जीएसएम लिहायला काय जातं?

आज मला मनातलं सगळं ओकून टाकायचंय. घरच्या इंकजेट प्रिंटरवर पत्रिका छापायला घेतल्या की आधी कागदवाल्यांचा राग येतो, मग प्रिंटरवाल्यांचा आणि शेवटी "त्यात काय एवढं, बटण दाब की" म्हणणाऱ्या प्रत्येक माणसाचा.

कागदाच्या पाकिटापासूनच सुरुवात करते. वर झोकात लिहिलेलं असतं, "सर्व प्रिंटरसाठी योग्य". आत लिनन पोताचं हस्तिदंती कार्ड, हाताला सुरेख लागणारं. पण त्याचं वजन किती, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, ज्याला जीएसएम म्हणतात, याचा पाकिटावर कुठेच पत्ता नाही. अरे, तीच तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे! रोजचा झेरॉक्सचा कागद ७५-८० जीएसएमचा असतो. पत्रिकेचं कार्ड २५० ते ३०० च्या घरात जातं. ज्या प्रिंटरमध्ये कागद खालच्या ट्रेमधून जातो, तिथे तो आत गेल्यावर पूर्ण उलटा वळून बाहेर येतो. एवढं जाड कार्ड तसं वळतच नाही. एक तर ते अडकतं, नाहीतर कायमचा बाक घेऊन बाहेर येतं. त्याला मागच्या बाजूचा उभा फीडर लागतो, जिथून कागद जवळजवळ सरळ खाली उतरतो. तो फीडर नसेल तर तुमच्यासाठी ते कार्ड कुचकामी. हे पाकिटावर एका ओळीत लिहिता येत नाही?

प्रिंटरवालेही काही कमी नाहीत. खोक्यावर "३०० जीएसएमपर्यंत" असं ठळक छापतात आणि ते फक्त मागच्या फीडरमधून, एका वेळी एकच कागद घालून, हे मॅन्युअलच्या कुठल्यातरी कोपऱ्यात दडवून ठेवतात. कागदाचा प्रकार `Plain Paper` वरच ठेवला तर प्रिंटरला कार्ड जाड आहे हे कळायला मार्गच नसतो. मग शाई सोडणारं हेड कार्डाला घासतं आणि कडेला काळे फराटे उमटतात. अनेक प्रिंटरमध्ये जाड कागदासाठी वेगळी सेटिंग असते, तिने हेड आणि कागद यांतलं अंतर थोडं वाढतं. तिचं नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं आणि जागाही अशी, की शोधणाऱ्याचा जीव मेटाकुटीला यावा. अंतर वाढलं की अक्षरं किंचित कमी धारदार येतात, ते सोसायचं. फराट्यांपेक्षा बरं.

पण माझा खरा संताप आहे तो जुळवणीवर. म्हणजे मजकूर कार्डाच्या बरोबर मधोमध बसवण्यावर.

एक साधं कार्ड घ्या, ५ बाय ७ इंच, म्हणजे १२७ बाय १७८ मिलिमीटर. त्यावर चारही कडांपासून ८ मिलिमीटर आत एक बारीक चौकट आखली आहे. म्हणजे चौकट १११ बाय १६२ मिलिमीटरची यायला हवी. छापलं आणि नुसत्या डोळ्यांना "काहीतरी चुकतंय" एवढंच दिसलं. इथे बहुतेक लोक फाइलमधली चौकट अंदाजाने इकडेतिकडे सरकवत बसतात आणि एकामागून एक महागडी कार्डं वाया घालवतात. तसं करू नका. पट्टी घ्या आणि मोजा, कारण यात तीन वेगवेगळे बिघाड असतात आणि तिघांचे इलाज वेगळे.

आधी चौकटीचा आकार मोजायचा. ती १०५.५ बाय १५४ भरली, तर सगळं चित्र ९५ टक्क्यांवर आकसलं आहे. म्हणजे प्रिंटच्या खिडकीत `Fit` निवडलेलं होतं. तिथे `Actual size` किंवा `100%` हवं आणि कागदाचा आकारही कार्डाचाच हवा, ए४ नव्हे. उलट चौकट किंचित मोठी आली असेल तर बिनकडेची, म्हणजे बॉर्डरलेस छपाई चालू आहे का ते बघा. त्यात प्रिंटर चित्र मुद्दाम थोडं फुगवतो, कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून. आणि माझं डोकं फिरतं ते इथेच: एकदा `Actual size` निवडलं, सगळं नीट आलं, फाइल बंद करून पुन्हा उघडली की ते मेलं परत `Fit` वर जाऊन बसलेलं! मला जे हवंय ते मी सांगितलंय ना? मग कुणाला न विचारता का बदलता? प्रत्येक वेळी छापण्याआधी ती खिडकी तपासावी लागते, आणि ज्या वेळी तपासत नाही त्याच वेळी फीडरमध्ये शेवटचं चांगलं कार्ड असतं.

आकार बरोबर असेल तर मग कडा मोजायच्या. डावीकडे ६.५ आणि उजवीकडे ९.५ भरलं. बेरीज १६, म्हणजे चौकट ठीक आहे, फक्त सगळा मजकूर डावीकडे सरकलाय. तो फाइलमध्ये दीड मिलिमीटर उजवीकडे न्यायचा. तीन नाही, दीड, फरकाच्या निम्मा. वरखालीही तसंच. पण एक काम विसरू नका: फीडरमध्ये घालण्याआधी कार्डावर पेन्सिलीने बाण काढा, कुठली कड आधी आत गेली आणि कुठली बाजू समोर होती ते कळण्यासाठी. बाण नसेल तर बाहेर आलेलं कार्ड हातात फिरवताना डावं-उजवं उलटसुलट होतं, दुरुस्ती भलत्याच दिशेला होते आणि दीडाची चूक तीनाची होते.

तिसरा बिघाड सगळ्यात दुष्ट. डाव्या कडेपासूनचं अंतर वरच्या टोकाला ८ आणि खालच्या टोकाला ९.५. म्हणजे कार्ड आत जातानाच तिरकं गेलंय. हा फाइलमध्ये दुरुस्त करायला जाऊच नका, कारण पुढचं कार्ड कदाचित दुसऱ्या बाजूला तिरकं जाईल. बाजूची सरकती गाईड कार्डाला अलगद टेकलेली हवी. सैल असेल तर कार्ड डुलतं, घट्ट असेल तर फुगून वाकतं. पोताच्या कार्डावर रोलरची पकडही सगळीकडे सारखी बसत नाही, म्हणून कार्ड एकेक करून घालायचं आणि रोलरने धरेपर्यंत बोटाने हलकेच सरळ ठेवायचं. थप्पी लावून निघून गेलात तर भोगा.

"आधी साध्या कागदावर छापून बघ, मग उजेडाला धरून जुळव" हा सल्ला सगळे देतात. मजकूर सांडत नाही ना, शुद्धलेखन बरोबर आहे ना, एवढ्यापुरता तो ठीक आहे. पण पातळ कागद आणि जाड कार्ड फीडरमधून सारखे सरकत नाहीत, त्यामुळे पातळ कागदावर तंतोतंत जुळलेला मजकूर कार्डावर मिलिमीटरभर घसरू शकतो. शेवटची चाचणी त्याच कार्डावर करावी लागते, दुसरा उपाय नाही. म्हणून कार्डं जास्तीची आणा आणि चाचणीसाठी संपूर्ण रंगीत नक्षी न छापता फक्त चौकट आणि मधोमध एक फुली छापा. शाई वाचते, आणि बिघडलेल्या कार्डाची पाठही चाचणीला वापरता येते.

आणि माझं स्पष्ट मत सांगते, ती काठावरची बारीक चौकट काढूनच टाका. सगळं नीट करूनही कार्डागणिक अर्धा-एक मिलिमीटर फरक पडतोच. कडेपासून ५ मिलिमीटरवर रेघ असेल तर तो फरक लगेच डोळ्यांत खुपतो. चौकटच नसेल, मजकुराभोवती ऐसपैस मोकळी जागा असेल, तर कुणाच्या लक्षातही येत नाही. तयार डिझाइन विकणारे मात्र प्रत्येक नमुन्याला काठाला चिकटलेली चौकट देतात. त्यांना घरी छापायचं नसतं ना!

रंगीत कार्डाची फसवणूक वेगळीच. पडद्यावर गडद निळ्यावर पांढरी अक्षरं दिमाखात दिसतात. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाईच नसते. पांढरं म्हणजे तिथे शाई पडणारच नाही, कागद जसा आहे तसा दिसेल. बाकीच्या शायाही पारदर्शक, त्यामुळे निळ्या कागदावर पिवळं छापलं तर हिरवट मळकट काहीतरी दिसतं. फिक्या रंगाचं कार्ड आणि काळा किंवा खूप गडद मजकूर, एवढंच खात्रीचं. आधी अंदाज हवा असेल तर डिझाइनच्या खाली कार्डाच्या रंगाचा थर टाका आणि वरच्या थराला `Multiply` लावा, बरंचसं खरं चित्र दिसेल. छापताना तो खालचा थर लपवा, नाहीतर प्रिंटर अख्ख्या कार्डावर शाई ओतेल.

आता वाळण्याबद्दल. छापून हातात आलं म्हणजे झालं, असं घरातल्या सगळ्यांना वाटतं. लगेच चळत रचतात. ओल्या शाईवर दुसरं कार्ड ठेवलं की वरच्याच्या पाठीवर उलटी अक्षरं उमटतात आणि खालच्याची फिसकटतात, एका फटक्यात दोन्ही बाद. साधं, शाई शोषणारं कार्ड वरवर लवकर वाळतं, पण जिथे गडद रंगाचा मोठा पट्टा आहे तिथे आत ओल राहते. इंकजेटसाठी नसलेला चकाकीचा लेप ज्यावर आहे, ते कार्ड तर शाई पितच नाही. ती वर तशीच तरंगत राहते, काही कार्डांवर दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. असल्या कार्डाला वाळायला अजून वेळ देऊन उपयोग नसतो, ते इंकजेटसाठी बनलेलंच नाही.

वाळलं का हे बघायला मजकुरावर बोट फिरवू नका. चाचणीच्या कार्डावर सगळ्यात गडद जागी पांढरा टिश्यू दाबा, घासू नका, आणि उचलून बघा. रंग आला तर थांबा. दमट हवेत आणखी थांबा. कार्डं सुटी, सपाट पसरून ठेवा. ड्रायरचा गरम झोत मारू नका, कार्ड वाकतं. पाठपोट छापायचं असेल तर पहिली बाजू पूर्ण वाळल्याशिवाय दुसरी घालू नका, कारण आतले रोलर तीच ओली शाई ओढत पुढच्या प्रत्येक कार्डावर पसरवतात, आणि मग प्रिंटर साफ करण्याचं काम वेगळं.

आणि हो, मी पसरून ठेवलेल्या कार्डांना "झालं की आता" म्हणत हात लावायला येणाऱ्यांनो, त्या खोलीत पाऊल ठेवू नका. पाकिटं उद्या भरू.