लॉग पॉट, लिनिअर पॉट आणि एक हजार ओहमचा जुगाड : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : "व्हॉल्यूमच्या नॉबला लॉग पॉटचं एवढं स्तोम कशाला? मी आणलेला दहा हजार ओहमचा लॉग पॉट, म्हणजे ए१०के, मल्टिमीटरवर मोजला. अर्ध्यावर दीड हजार ओहम, तिथून पुढे सरळ रेषेत दहा हजारापर्यंत. लॉगचा कर्व्ह कुठेच नाही, दोन सरळ तुकडे जोडलेत. तसंच असेल तर लिनिअर बी१०केच्या मधल्या पायाला एक हजार ओहम लावून तेच काम होतं. माझ्या एलएम३८६च्या अ‍ॅम्प्लिफायरला तर साधा बी१०केच आहे आणि मस्त चालतोय. थिअरी कमी, प्रॅक्टिकल जास्त लिहा."

नमस्कार,

तुमचं मोजमाप बरोबर आहे. बाजारातले बहुतेक स्वस्त कार्बन पॉट आतून असेच असतात. पट्टीच्या पहिल्या अर्ध्या भागावर एक कार्बन, दुसऱ्या अर्ध्यावर जास्त रोधाचा दुसरा कार्बन आणि मध्ये दोघांचा जोड. महागड्या पॉटमध्ये तुकडे जास्त असतात, म्हणून त्यांचा आलेख जरा गोलाई घेतो. पण यावरून लॉग आणि लिनिअर एकच, असं म्हणायची घाई करू नका. तुम्ही मोजलेल्या त्या दीड हजारातच सगळी गंमत आहे.

लिनिअर पॉटमध्ये पट्टीचा खालचा पंधरा टक्के रोध पार करायला नॉब पंधरा टक्केच फिरतो. साधा पॉट एकूण तीनशे अंशांच्या आसपास फिरतो, म्हणजे हे झाले पंचेचाळीस अंश. तुमच्या ए१०केमध्ये तेवढाच रोध दीडशे अंशांवर पसरलाय. बाकी काही नाही. पहिल्या अर्ध्या फेरीत लॉग पॉट हा ताणून लांब केलेला लिनिअर पॉटच आहे. प्रश्न एवढाच की नेमका हाच तुकडा का ताणायचा.

कारण आपण गाणी याच तुकड्यात ऐकतो. कान व्होल्टेजची वजाबाकी करत नाही, प्रमाण पाहतो. आवाज साधारण दुप्पट मोठा वाटायला दहा डेसिबल वाढ लागते, म्हणजे व्होल्टेज तिपटीहून थोडं जास्त. ते दहा मिलिव्होल्टवरून बत्तीसवर गेलं काय किंवा शंभरवरून तीनशे सोळावर गेलं काय, कानाला पायरी तेवढीच. लिनिअर पॉटवर मात्र या दोन पायऱ्यांना नॉब सारखा फिरत नाही, दुसऱ्या पायरीला पहिलीच्या दहापट फिरवावा लागतो.

आता लिनिअर पॉट डेसिबलमध्ये वाचू. पूर्ण फिरवला की शून्य धरा. पाऊण फेरीवर उणे अडीच, अर्ध्यावर उणे सहा, पावावर उणे बारा. नॉबचा अख्खा वरचा अर्धा भाग सहा डेसिबलसाठी खर्च होतो, म्हणजे आवाज दुप्पटसुद्धा वाटत नाही. उणे वीसपासून शांततेपर्यंतचं सगळं पहिल्या दहाव्या भागात, तीस अंशांत, कोंबलेलं. तुमचा दोन तुकड्यांचा ए१०के पाव फेरीवर उणे साडेबावीस देतो, अर्ध्यावर उणे साडेसोळा, पाऊणवर उणे पाच. हाही आदर्श नाही. अर्ध्यावरून पाऊणवर जाताना तो जवळजवळ बारा डेसिबलची उडी मारतो आणि हाताला ती जाणवते. पण पहिल्या अर्ध्या फेरीत नॉबच्या कुठल्याही जागेवर तो लिनिअरपेक्षा साडेदहा डेसिबल खाली असतो, आणि घरात ऐकणाऱ्याला तेवढं पुरतं.

तुमच्या एलएम३८६चंच घ्या. एक आणि आठ नंबरच्या पायांमध्ये काही जोडलं नसेल तर गेन वीस. नऊ व्होल्टवर आठ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आउटपुट ढोबळमानाने दोन व्होल्ट आरएमएस मिळतं असं धरू. म्हणजे चिपच्या तोंडाशी शंभर मिलिव्होल्ट आले की आवाज फाटायच्या बेतात. फोनच्या हेडफोन जॅकमधून अर्धा व्होल्ट येतोय असं समजा. मग पॉटने सिग्नलचा पाचवा हिस्सा सोडला की काम संपलं. बी१०केवर ही जागा साठ अंशांवर येते, उरलेले दोनशे चाळीस अंश फक्त आवाज फाडायला. ए१०केवर तीच जागा अर्ध्याच्या जरा पुढे येते. आणि रात्री घरातले झोपल्यावर फाटण्याच्या हद्दीच्या वीस डेसिबल खाली ऐकायचं असेल तर बी१०केवर नॉब शून्यापासून फक्त सहा अंश फिरलेला असतो. ए१०केवर वीस अंश. तुमचा अ‍ॅम्प्लिफायर "मस्त चालतोय" यात मला शंका नाही, पण नॉबला हात लावताच आवाज एकदम येतो की नाही, हे एकदा मुद्दाम पाहा.

आता एक हजार ओहमचा जुगाड. तो मीही वापरलाय आणि त्यात दम आहे, पण "तेच काम" तो करत नाही. x म्हणजे नॉब किती फिरला ते (शून्य ते एक), R पॉटचा एकूण रोध आणि r मधल्या पायापासून ग्राउंडला लावलेला रोध, तर बाहेर येणारा हिस्सा असा :

```
Vout/Vin = x / (1 + x(1-x)·R/r)
```

दहा हजाराला एक हजार लावला की R/r दहा होतं. अर्ध्या फेरीवर खालचे पाच हजार आणि समांतर एक हजार मिळून ८३३ ओहम, वर पाच हजार. हिस्सा ०.१४३, म्हणजे उणे सतरा डेसिबल. लॉग पॉटच्या अगदी जवळ. इथवर तुमचं म्हणणं तंतोतंत.

पण नॉब अगदी खाली असताना छेदातला तो दुसरा भाग नगण्य होतो आणि सूत्रात उरतो नुसता x, म्हणजे साधा लिनिअर पॉट. पाच टक्के फेरीवर लिनिअर उणे सव्वीस देतो, जुगाड उणे साडेएकोणतीस आणि खरा लॉग उणे साडेछत्तीस. एक टक्क्यावर तर जुगाड आणि लिनिअर यांच्यात डेसिबलभराचाही फरक राहत नाही. थोडक्यात, रात्रीच्या हळू आवाजाची अडचण जिथे होती तिथेच. वरच्या टोकाला उलट. शेवटच्या दहाव्या भागात साडेसहा डेसिबल आणि शेवटच्या पाव फेरीत जवळजवळ बारा.

दुसरी किंमत लपलेली असते. साध्या पॉटचा दोन टोकांमधला रोध नॉब कुठेही असो दहा हजारच दिसतो. जुगाडात तो नॉबबरोबर बदलतो. शून्यावर दहा हजार, अर्ध्यावर सुमारे ५८००, पूर्ण वर जेमतेम ९०९ ओहम. पॉटच्या आधी एक मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर असेल तर दहा हजारावर त्याची कटऑफ सोळा हर्ट्झला बसते, ९०९ ओहमवर ती १७५ हर्ट्झला जाते. म्हणजे आवाज वाढवत जाल तसा तबल्याचा बायाँ पातळ होत जातो. कोणी "फुल केलं की बेस जातो" अशी तक्रार घेऊन आलं तर मी आधी मधल्या पायाला रोध लावलाय का ते बघतो. इलाज सोपा आहे : कपॅसिटर दहा मायक्रोफॅरडचा करा, किंवा पॉटच्या आधी बफर टाका. फोनचा जॅक थेट जोडला असेल तर हा त्रास सहसा जाणवत नाही, कारण फोनचा आउटपुट रोध फार कमी असतो.

जुगाडाची बाजूही मांडतो, नाहीतर अन्याय होईल. स्वस्त स्टिरिओ लॉग पॉटमध्ये दोन पट्ट्यांवरचे कार्बनचे जोड एकाच जागी पडतील याची खात्री नसते, त्यामुळे हळू आवाजात डावा-उजवा स्पीकर कमीजास्त वाजतो. लिनिअर पट्ट्या एकमेकींशी बऱ्याच जुळतात. पॉटच्या रोधात वीस टक्के इकडेतिकडे चालतं, तेव्हा दहाऐवजी बारा हजाराचा निघाला तर जुगाडाचा मध्यबिंदू डेसिबलभर सरकेल, पण एकाच पॉटच्या दोन्ही पट्ट्या सहसा बरोबरीनेच सरकतात. शिवाय मधला पाय झिजून पट्टीवरून सुटला तर हा रोध इनपुट ग्राउंडला धरून ठेवतो, खरखरीचा स्फोट होत नाही.

आणि लिनिअर पॉट टाकाऊ आहे असं मी कुठेच म्हटलेलं नाही. बॅलन्सला तोच लागतो, कारण मध्यावर दोन्ही बाजू सारख्या हव्यात. बॅक्सॅन्डॉल टोन कंट्रोललाही तोच, कारण त्यात मध्य म्हणजे ना वाढ ना घट. तिथे ए१०के लावलात तर सपाट जागा नॉबच्या मध्यावर येणारच नाही.

पॉट विकत घेताना नुसत्या अक्षरावर जाऊ नका. हल्ली ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनिअर, पण जुन्या युरोपीय मालावर ए म्हणजे लिनिअर सापडतो. नॉब मध्यावर ठेवून डाव्या पायापासून मधल्या पायापर्यंत मोजा. एकूण रोधाच्या निम्मं आलं तर लिनिअर, दहा ते पंधरा टक्के आलं तर लॉग, ऐंशी-नव्वद टक्के आलं तर उलटा लॉग. मोजताना पॉट सर्किटमधून सुटा हवा. आणि लॉग पॉटची दोन टोकं अदलाबदल करून टाकली तर नॉब उलटा फिरतोच, शिवाय सगळा हळू आवाज एका टोकाला चिकटतो. असा पॉट लिनिअरपेक्षाही वाईट वागतो आणि दोष बिचाऱ्या लॉगला मिळतो.

तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला प्रॅक्टिकल म्हणाल तर हे करा. पॉटच्या वरच्या टोकाला ३९ हजार ओहमचा रोध सिरीजमध्ये टाका, म्हणजे अर्ध्या व्होल्टातला सुमारे पाचवा हिस्साच पॉटवर येईल आणि नॉब पूर्ण फिरवला तरी आवाज फाटायच्या अलीकडेच थांबेल. एवढं केलं की रात्रीची ती वीस डेसिबल खालची जागा बी१०केवर सहाऐवजी तीस अंशांवर येते. मग तोच रोध ठेवून तुमच्याकडे पडलेला ए१०के लावा, ती जागा शंभर अंशांवर येईल. एक हजार ओहमचा रोध मात्र तेव्हा लावू नका, नाहीतर दोन्हींची कात्री लागून अर्ध्या फेरीवर आवाज रात्रीच्या त्या जागेच्याही खाली जाईल.